चार्जर-केबलचे रिव्ह्यू वाचताना या चुका टाळा

सिडकोत राहणाऱ्या माझ्या वहिनीने एप्रिलमध्ये ऑनलाइन टाइप-सी केबल मागवली. 4.3 स्टार होते, रिव्ह्यूही शेकडो. दीड महिन्यात पिनेजवळचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलं आणि जळका वास यायला लागला. मग मी तेच पान नीट वाचलं. ‘टोकाला हात लावला तर चटका बसतो’ असं तिघांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

पहिली चूक म्हणजे सरासरी स्टार बघून थांबणं. पाच स्टारवाल्यांनी बहुतेक ‘पॅकिंग छान, डिलिव्हरी लवकर’ एवढंच लिहिलं होतं. म्हणजे खोकं उघडल्या दिवशीचं मत! केबल खराब व्हायला महिने लागतात, म्हणून दोन-तीन महिने वापरून लिहिलेले एक ते तीन स्टारचे रिव्ह्यू आधी वाचा. दोन-चार दिवसांत आलेले डझनभर रिव्ह्यू, सगळ्यांची भाषा सारखी, फोन कुठला ते कुणीच सांगत नाही, असं दिसलं की सावध व्हा. काही रिव्ह्यू तर चक्क मोबाइल कव्हरचे निघाले. जुन्या वस्तूच्या पानावर नवी वस्तू चढवली की जुने स्टार तिला आयते मिळतात. खरेदीची खूण असलेल्या रिव्ह्यूवरही डोळे झाकून विश्वास नको, कारण पाच स्टारच्या बदल्यात पैसे देऊ, अशी चिठ्ठी खोक्यातच टाकणारे विक्रेते आहेत.

दुसरी चूक, ‘गरम होतो’ ही प्रत्येक तक्रार एकाच मापाने मोजणं. फास्ट चार्जिंग चालू असताना अडॅप्टर कोमट होणारच, नाशिकच्या एप्रिलमध्ये जरा जास्तच. नेमकं काय आणि कधी तापतं, ते बघा. फोन जोडलेला नसतानाही अडॅप्टर चांगलाच तापत असेल, तर तो नकोच. केबलचं फक्त टोक तापत असेल, तर आतला जोड कच्चा असण्याची शक्यता मोठी. तिथे 0.1 ओहम जादा रोध असला आणि 3 अँपिअर करंट गेला, तर 0.9 वॉट उष्णता तयार होते. आकडा लहान वाटतो, पण ती नखाएवढ्या जागेत साठते. ‘केबल वाकवून धरली तरच चार्ज होतं’ ही तक्रारही बहुधा तुटत आलेल्या तारेची किंवा सैल जोडाची असते.

उलट ‘फास्ट चार्जिंग होत नाही’ यात अनेकदा दोष केबलचा नसतो. काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग त्यांच्याच अडॅप्टर आणि केबलवर चालतं. म्हणून तक्रार करणाऱ्याचा फोन कुठला, ते आधी बघा.

अडॅप्टर घेताना ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंत बीआयएसच्या खुणेजवळचा R- ने सुरू होणारा नंबर शोधा आणि BIS Care ॲपमध्ये टाका. तिथे वेगळाच ब्रँड किंवा वेगळीच वस्तू दिसली, तर ऑर्डर करू नका.

वहिनीची केबल मी कात्रीने मधोमध कापूनच टाकली, म्हणजे ती घरात पुन्हा कुणी वापरायला नको.