स्पॅनिश निरोपाच्या भाषणात ‘आन्योस’ जपून म्हणा

समजा, तुम्ही सांगलीच्या हळद निर्यातीच्या ऑफिसात आहात आणि स्पेनमधले जुने सहकारी निवृत्त होताहेत. व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं स्पॅनिशमध्ये बोलायचंय. ‘तीस वर्षं’ हे शब्द येणारच, आणि घोटाळा तिथेच होतो. वर्षं म्हणजे ‘आन्योस’. त्यातला ‘न्यो’ सुटून ‘आनोस’ झालं, की अर्थ थेट गुदद्वारावर जातो. आपल्या ‘न्याय’मधला ‘न्य’ मनात धरा, जीभ टाळूला नीट टेकवा, म्हणजे चुकणार नाही.

दुसरी गोष्ट ‘अहो’ची. वयाने मोठे म्हणून आपण आदरार्थी ‘उस्तेद’ वापरायला जातो. पण स्पेनमध्ये इतक्या वर्षांच्या सहकाऱ्याला ‘तू’च म्हणतात. निरोपाच्या दिवशी अचानक ‘उस्तेद’ आलं तर ते परकं वाटतं.

विनोद मात्र दोघांनाच ठाऊक असलेल्या प्रसंगावर बेता. शब्दांच्या कोट्या परक्या भाषेत फसतात. साधी दोन वाक्यांची तुलना जमते. त्यांच्या सांगली भेटीत हळदीचे डाग पडले होते, तर असं म्हणा: ‘ग्रासियास आ ती, आब्लो एस्पान्योल. पोर मी कुल्पा, तुस कामीसास एस्तान आमारीयास.’ म्हणजे, तुझ्यामुळे मी स्पॅनिश बोलतो. माझ्यामुळे तुझे शर्ट पिवळे झाले. ‘आमारीयास’च्या आधी क्षणभर थांबा, हसू तिथेच येतं.

शेवटी ‘ते एचारेमोस दे मेनोस’, तुझी उणीव भासेल. मेक्सिकोतला सहकारी असेल तर ‘ते वामोस आ एक्स्त्रान्यार’ म्हणा, तिकडे तेच रुळलंय.