हरवलेली बॅग, २०,००० ची मर्यादा: माझा अनुभव

दिल्लीहून पुण्यात उतरलो, बॅग आलीच नाही. बाहेर पडण्याआधी काउंटरवर पीआयआर, म्हणजे बॅग न आल्याचा लेखी अहवाल, करून घेतला, तेवढं बरं झालं. पहिली तक्रार रागात लिहिली, पन्नास हजार मागितले, उत्तर आलं, "शोध सुरू आहे."

देशांतर्गत प्रवासात सामानाची भरपाई जास्तीत जास्त २०,००० रुपये, हे नंतर कळलं. दुसऱ्या पत्रात फ्लाइट नंबर, तारीख, पीएनआर, टॅगवरचे दहा आकडे आणि पीआयआर क्रमांक टाकला. मग सामान: जुना कोट ४,५००, बूट ३,२००, ताईसाठी घेतलेली शाल ६,८००, बॅग ५,०००, एकूण १९,५००. बिलं जोडली. तरी शांतताच, म्हणून तीच तक्रार एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर टाकली. १७,००० मिळाले, कोट जुना म्हणून २,५०० कापले.