सेवा थांबवण्यापूर्वीची शेवटची नोटीस : थकबाकी विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

व्यापाऱ्यांना बिलिंग आणि साठ्याचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पुण्यातील एका कंपनीच्या थकबाकी विभागात मी काम करते. या विभागात रुजू झालेल्या माणसाकडे थोड्याच दिवसांत शेवटच्या नोटिशीचे काम येते, आणि त्याचा पहिला प्रश्न बहुधा भाषा किती कडक ठेवावी हा असतो. माझ्या मते भाषेचा विचार सर्वांत शेवटी करावा. मागितलेली रक्कम ग्राहकाच्या खातेवहीशी जुळते का आणि दिलेल्या तारखेला सेवा खरोखर थांबवता येणार आहे का, या दोन गोष्टींवर नोटिशीचे बळ अवलंबून असते. रक्कम चुकली की पुढचे पंधरा दिवस पैशांऐवजी हिशेबाच्या वादात जातात, आणि तारीख पाळली गेली नाही की पुढच्या नोटिशीला कोणी विचारत नाही.

पिंपरी परिसरातील एका वितरकाचे प्रकरण येथे सविस्तर सांगते. त्यांच्याकडे २५ वापरकर्त्यांचे सबस्क्रिप्शन होते आणि बिल दर तिमाहीला जात असे : मूळ रक्कम ६०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८०० रुपये, एकूण ७०,८०० रुपये. बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पैसे भरायचे, असे करारात होते. ५ जानेवारीच्या बिलापोटी ६४,८०० रुपये आले होते. ५ एप्रिलच्या बिलाची मुदत ५ मे रोजी संपली, तीन रिमाइंडर जाऊनही उत्तर आले नाही, आणि जूनच्या सुरुवातीला आमच्या प्रणालीने त्यांच्या नावावर ७६,८०० रुपये थकबाकी दाखवून खाते शेवटच्या नोटिशीच्या यादीत टाकले.

हा आकडा तसाच उचलून नोटिशीत घालायचा नसतो. जानेवारीच्या बिलात कमी पडलेले ६,००० रुपये म्हणजे मूळ रकमेच्या बरोबर १० टक्के, आणि हा ग्राहक त्याच दराने टीडीएस कापतो. टीडीएस जीएसटी वगळून मूळ रकमेवर कापला जातो, त्यामुळे येणारी तूट मूळ रकमेच्या टक्केवारीशी तंतोतंत जुळली तर ती थकबाकी असण्याची शक्यता फार कमी असते. खात्री करण्यासाठी आयकर पोर्टलवर आपल्या पॅनसमोर ती कपात दिसते का, ते पाहावे. मात्र जानेवारी ते मार्च या तिमाहीचे टीडीएस विवरण भरण्याची मुदत ३१ मेपर्यंत असते, म्हणून मे महिन्यात नोंद दिसली नाही एवढ्यावरून ग्राहकाने कर भरलाच नाही असा निष्कर्ष काढू नये. या प्रकरणात जूनमध्ये नोंद दिसली आणि ६,००० रुपये बाजूला झाले.

दुसरी तपासणी बँकेत आलेल्या पण कोणाच्याही नावावर न लागलेल्या पैशांची. आमच्या सस्पेन्स खात्यात मे महिन्याच्या मध्यावर एनईएफटीने आलेले ३०,००० रुपये पडून होते आणि पाठवणाऱ्याचे नाव आमच्या एकाही ग्राहकाशी जुळत नव्हते. छोट्या आणि मध्यम व्यवसायांत एकाच मालकाच्या दोन-तीन फर्म असतात आणि ज्या खात्यात शिल्लक असेल त्यातून पैसे टाकले जातात, ही गोष्ट आपल्या कामात कायम लक्षात ठेवावी लागते. मी वितरकाच्या कार्यालयात फोन केला तेव्हा तेथील लेखापाल म्हणाले, “मॅडम, तीस हजार आम्ही दुसऱ्या फर्ममधून टाकले होते, तुमच्याकडे पोचले नाहीत का?” त्यांच्याकडून यूटीआर क्रमांक घेतला, तो बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहिला, आणि ही रक्कम एप्रिलच्या बिलात वळती करावी असे त्यांच्याकडून मेलवर लिहून घेतले. तोंडी सांगण्यावर रक्कम वळती करू नये, कारण उद्या ती दुसरी फर्म आपले पैसे परत मागू शकते.

याच फोनमध्ये आणखी एक गोष्ट कळली. आमचे तिन्ही रिमाइंडर ज्या मेल पत्त्यावर जात होते, त्या पत्त्याचा कर्मचारी मार्चमध्येच नोकरी सोडून गेला होता. तीन रिमाइंडरना एका ओळीचेही उत्तर नसेल, तर पैसे बुडवण्याच्या हेतूचा संशय घेण्यापूर्वी पत्ता चालू आहे का, हे पाहावे.

आता खरी बाकी अशी झाली : एप्रिलचे बिल ७०,८०० रुपये, त्यातून याच बिलावरचा अपेक्षित टीडीएस ६,००० आणि मिळालेले ३०,००० वजा, उरले ३४,८०० रुपये. प्रणालीने दाखवलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही हा आकडा कमी आहे. ७६,८०० रुपयांची नोटीस गेली असती, तर मालकांनी ती लेखापालांकडे ढकलली असती, आणि लेखापालांनी आमची वही चुकीची असल्याचे अगदी रास्तपणे कळवले असते.

रक्कम ठरल्यावर करार उघडावा आणि नोटिशीचे कलम शब्दशः वाचावे. आमच्या करारात सेवा स्थगित करण्यापूर्वी दहा दिवसांची लेखी नोटीस मेलने आणि टपालाने द्यायची अट आहे, आणि पाठवल्यापासून तिसऱ्या दिवशी ती मिळाली असे धरले जाते. दहा दिवस मिळाल्यापासून मोजायचे असतात. पाठवल्याच्या दिवसापासून मोजले तर नोटीस तीन दिवसांनी कमी पडते. जुन्या करारांत ‘रजिस्टर्ड पोस्ट’ असे लिहिलेले आढळते. २०२५ मध्ये टपाल खात्याने ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे, म्हणून अशा करारांच्या बाबतीत स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवावी आणि मेलही अवश्य करावा. नोटीस करारावर सही करणाऱ्या व्यक्तीच्या नावे काढावी आणि प्रत फक्त लेखा विभागाला द्यावी. ग्राहकाच्या गोदामापासून विक्री प्रतिनिधींपर्यंत सगळ्यांना प्रत पाठवणे म्हणजे त्याची चारचौघांत शोभा करणे आहे, आणि त्याने वसुली होत नाही.

तारीख निवडताना ग्राहकाचे कॅलेंडर पाहावे. नोटीस ८ जूनला निघणार होती, म्हणजे ११ जूनला मिळाली असे धरून २१ जूनला मुदत संपत होती. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-१ साठी ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी साठी २० तारीख असते, आणि त्या दिवसांत बिलिंगचे सॉफ्टवेअर बंद करणे मला योग्य वाटत नाही. त्याची थकबाकी आपल्याशी आहे; सरकारी विवरणाच्या उशिराचा भुर्दंड त्याच्यावर आपल्यामुळे पडू नये. म्हणून आम्ही २३ जून, सकाळी ११ ही वेळ ठरवली. सकाळची वेळ अशासाठी की, पैसे त्याच दिवशी आले तर सेवा सुरू करून द्यायला दोन्हीकडची माणसे कामावर असतात. शुक्रवारी संध्याकाळी सेवा थांबवली, तर सोमवारपर्यंत कोणीच काही करू शकत नाही.

मूळ नोटीस कराराप्रमाणे इंग्रजीत गेली आणि मालकांसाठी सोबत हा मराठी मजकूर जोडला :

> विषय : ५ एप्रिलच्या बिलापोटी ३४,८०० रुपये बाकी, २३ जून रोजी सेवा स्थगित होण्यापूर्वीची शेवटची सूचना
>
> महोदय,
>
> ५ एप्रिलच्या ७०,८०० रुपयांच्या बिलाची मुदत ५ मे रोजी संपली आहे. आपल्या संबंधित फर्मकडून आलेले ३०,००० रुपये आणि ६,००० रुपयांचा टीडीएस वजा करता ३४,८०० रुपये येणे आहेत. हिशेबाचा उतारा आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे.
>
> ही रक्कम २२ जूनअखेर जमा न झाल्यास करारातील स्थगितीच्या कलमानुसार २३ जून रोजी सकाळी ११ वाजता नवीन बिले करणे, साठ्याच्या नोंदी आणि ई-वे बिलाची जोडणी थांबेल. जुन्या नोंदी पाहणे आणि उतरवून घेणे पुढील ३० दिवस चालू राहील. या काळात आपली कोणतीही माहिती पुसली जाणार नाही. ई-वे बिल आपण थेट सरकारी पोर्टलवरून काढू शकता.
>
> रक्कम भरली असल्यास यूटीआर क्रमांक कळवावा. बिलाबद्दल आक्षेप असल्यास तो १८ जूनपर्यंत लेखी कळवावा, म्हणजे स्थगितीपूर्वी त्याचा निर्णय करता येईल. रक्कम जमा होताच कामाच्या वेळेत दोन तासांत सेवा पूर्ववत होईल.

विषयाच्या ओळीतच रक्कम आणि तारीख आहे, कारण मालक पुष्कळदा तेवढीच ओळ वाचून लेखापालांना हाक मारतात. काय बंद होईल आणि काय चालू राहील हे वेगवेगळे सांगितले आहे. नुसते ‘सेवा बंद होईल’ असे लिहिले, तर आपला सगळा डेटा अडकला अशी ग्राहकाची समजूत होते, आणि त्या भीतीपोटी तो वकिलाकडे जातो. ई-वे बिलाचे वाक्य मी आग्रहाने घालते, कारण गोदामाबाहेर भरून उभी असलेली गाडी ही वितरकाची सर्वांत मोठी चिंता असते.

व्याजाचा उल्लेख मात्र मुद्दाम केलेला नाही. आपली कंपनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार उशिरा आलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येते. तसेच बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे न दिल्यास ग्राहकाला त्यावर घेतलेले जीएसटी क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. आपल्या उदाहरणात ही मुदत २ ऑक्टोबरला संपते. दोन्ही मुद्दे खरे आणि उपयोगी आहेत, पण ते वेगळ्या पत्रात मांडावेत. स्थगितीच्या नोटिशीत ते घातले की मागणी नेमकी किती रुपयांची आहे, हेच वाचणाऱ्याला कळेनासे होते.

नोटीस पाठवण्यापूर्वी सपोर्ट विभागाला विचारून ग्राहकाची एखादी तक्रार अनिर्णित आहे का, हेही पाहावे. असल्यास वादातली रक्कम वेगळी काढून उरलेल्या रकमेचीच नोटीस द्यावी.

ठरलेल्या दिवशी अकराच्या आधी बँकेचा उतारा पुन्हा उघडावा. एनईएफटी आता चोवीस तास चालते, त्यामुळे रात्री टाकलेले पैसे सकाळी जमा झालेले असू शकतात. ग्राहकाने यूटीआर दिला असेल आणि रक्कम अजून दिसत नसेल, तर ती दिसेपर्यंत स्थगिती रोखावी, आणि ती कोण रोखू शकतो हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे. सेवा स्थगित झालीच, तर पुढच्या तिमाहीचे बिल आपोआप निघणार नाही याची व्यवस्था त्याच दिवशी करावी. न दिलेल्या सेवेचे बिल निघाले तर त्यावरचा जीएसटी आपल्याला भरावा लागतो आणि नंतर क्रेडिट नोट काढून तो निस्तरावा लागतो.

या वितरकाचे ३४,८०० रुपये १९ जूनला, बिल क्रमांकासह जमा झाले. त्याच दिवशी आम्ही त्यांना बिलांसाठी दोन मेल पत्ते विचारून घेतले, त्यांतला एक मालकांचा, आणि ८ जूनची नोटीस मागे घेतल्याचे पत्र नोटीस ज्या दोन मार्गांनी गेली होती त्याच दोन मार्गांनी पाठवले. हे पत्र पाठवायचे पुष्कळांच्या हातून राहून जाते आणि नोटीस दोघांच्याही फायलींत तशीच उभी राहते; पुढे लेखापरीक्षक किंवा कर्ज देणारी बँक ती फाईल चाळते, तेव्हा पैसे भरूनही त्या ग्राहकाला खुलासा करत बसावे लागते.