कागदात नाव आहे, पण दावा करता येत नाही: तिऱ्हाइताच्या फायद्याच्या करारात या चुका टाळा

दोन भावांच्या सामाईक मालकीचा एक गाळा आहे. धाकट्याने आपला अर्धा हिस्सा थोरल्याला 20 लाखांना विकला. थोरल्याने 15 लाख धाकट्याला दिले. उरलेले 5 लाख धाकट्याने थोरल्याकडेच राहू दिले आणि खरेदीखतात एक कलम टाकले: "सदर रक्कम लिहून घेणार यांनी आत्याला दरमहा 10,000 रुपयांप्रमाणे 50 हप्त्यांत द्यावी." आत्या एकटी राहते आणि धाकट्याला तिची सोय करायची होती. सात हप्ते नीट आले, आठव्या महिन्यापासून बंद झाले. आत्याचे 4,30,000 रुपये अडकले. खरेदीखताची प्रत हातात घेऊन ती विचारते, "माझं नाव तर छापलंय, मी कोर्टात जाऊ का?"

जाऊ शकते. पण आहे त्या कलमावर थोरल्याविरुद्ध दावा टिकणे अवघड आहे. करार ज्यांच्यात झाला, तो त्यांनाच बांधतो आणि अंमलबजावणीही त्यांनाच मागता येते. वकील मंडळी याला 'प्रिव्हिटी ऑफ कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. आत्या ना लिहून देणार, ना लिहून घेणार. कायद्याच्या नजरेत ती तिऱ्हाईत आहे.

नाव छापले म्हणजे हक्क मिळाला असे समजणे

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. जमनादास वि. राम अवतार पांडे (1911) या, प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिशकाळच्या सर्वोच्च अपील न्यायालयातल्या खटल्याची ठेवण आपल्या उदाहरणासारखीच होती. 40,000 रुपयांना गहाण असलेली जमीनदारी 44,000 ला विकली गेली आणि गहाणाचे 40,000 फेडण्यासाठी खरेदीदाराकडे ठेवले गेले. गहाणदार सावकाराने खरेदीदाराकडून वैयक्तिक वसुली मागितली. त्या विक्रीच्या करारात सावकार पक्षकार नव्हता, म्हणून मागणी फेटाळली गेली. रक्कम त्याच्यासाठीच राखून ठेवली होती, तरीही.

आत्याची अडचण तंतोतंत हीच आहे. थोरल्याने वचन दिले ते धाकट्याला. आत्या ही त्या वचनाची लाभार्थी आहे, वचनग्राहक नाही.

'आत्याने काहीच दिले नाही, म्हणून दावा नाही' हा चुकीचा युक्तिवाद

थोरल्याची बाजू बऱ्याचदा असे म्हणते आणि समोरचेही ते मुकाट्याने मान्य करतात. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यातला मोबदला, कोणी दिले हा एक प्रश्न, आणि वचन कोणाला दिले हा दुसरा.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात वचनग्राहकाने स्वतः प्रतिफल देणे आवश्यक होते. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 2(ड) नुसार प्रतिफल वचनग्राहकाकडून "किंवा अन्य कोणत्याही व्यक्तीकडून" आले तरी चालते. चिन्नया वि. रामय्या (1882) या मद्रासच्या खटल्यात आईने मुलीला मालमत्ता बक्षीस दिली आणि नात्यातल्या वादीला दरसाल 653 रुपये द्यायला सांगितले. मुलीने त्या वादीला तसा स्वतंत्र लेखी करारही करून दिला. वादीच्या खिशातून एक पैसा गेला नव्हता, तरी मुलीकडून वसुली झाली.

हा खटला 'तिऱ्हाइतालाही दावा करता येतो' म्हणून सांगितला जातो. ते बरोबर नाही. तिथे वचन थेट वादीला दिलेले होते, त्यामुळे प्रिव्हिटीची अडचणच नव्हती. आत्याच्या बाबतीत उलटे आहे. प्रतिफलाची अडचण नाही, कारण ते धाकट्याच्या हिश्शातून आले. अडचण आहे ती वचनाच्या पत्त्याची.

म्हणून सर्वांत स्वस्त उपाय खरेदीखत लिहितानाच होता: आत्याला पक्षकार करून सही घ्यायची. पण इथेही एक खाचखळगा आहे. आपल्याकडे तिसऱ्या माणसाला 'संमती देणार' म्हणून उभे करायची पद्धत आहे आणि बहुतेक मसुद्यांत त्याच्या नावापुढे फक्त "या व्यवहारास माझी हरकत नाही" एवढेच असते. तशी सही आत्याच्या उपयोगाची नाही. कलमाची भाषा बदलायला हवी: "लिहून घेणार हे आत्याला वचन देतात की ते तिला दरमहा 10,000 रुपये देतील आणि कसूर झाल्यास तिला स्वतःच्या नावाने वसुली करता येईल." वचन तिच्याकडे वळवले की प्रिव्हिटीचा प्रश्नच उरत नाही.

'आत्यासाठी' या शब्दावर ट्रस्ट उभा राहील असे मानणे

खत होऊन गेले असेल, तर अपवाद शोधावे लागतात. पहिला मोठा अपवाद ट्रस्टचा. एखाद्याने मालमत्ता दुसऱ्याच्या लाभासाठी विश्वस्त म्हणून धरली असेल, तर लाभार्थी थेट त्याच्यावर दावा करू शकतो. पण भारतीय न्यास अधिनियम, 1882 च्या कलम 6 नुसार हेतू, उद्देश, लाभार्थी आणि ट्रस्टची मालमत्ता या चारही गोष्टी पुरेशा निश्चित दिसाव्या लागतात.

आत्याचा मुद्दा चौथ्या गोष्टीवर अडतो. ते 5 लाख कुठे आहेत? थोरल्याच्या चालू खात्यात, धंद्याच्या पैशात मिसळलेले. धाकट्याने त्याला वेगळी रक्कम सोपवलीच नाही, फक्त किमतीचा काही भाग देणे बाकी ठेवला. हे साधे कर्ज झाले. याउलट धाकट्याने पूर्ण 20 लाख घेऊन त्यातले 5 लाख थोरल्याच्या नावे वेगळ्या ठेवीत टाकले असते आणि "आत्याच्या लाभासाठी विश्वस्त म्हणून" असे लिहून घेतले असते, तर चित्र पालटले असते.

दुसरी वाट बोजाची. ख्वाजा मुहम्मद खान वि. हुसैनी बेगम (1910) या खटल्यात सासऱ्याने सुनेला दरमहा 500 रुपये खर्च-ए-पानदान म्हणजे हातखर्च देण्याचे कबूल केले होते. करार सासरा आणि मुलीचा बाप यांच्यात झाला, लग्नाच्या वेळी मुलगा-मुलगी अल्पवयीन होते. तरी सुनेचा दावा मान्य झाला. त्या दस्तात नेमून दिलेल्या स्थावर मालमत्तेतून ही रक्कम द्यायची होती, हे तिच्या बाजूचे मोठे बळ होते. आपल्या खरेदीखतात "सदर रकमेचा बोजा विकत घेतलेल्या अर्ध्या हिश्शावर राहील" एवढे एक वाक्य असते, तर आत्याचे पारडे खूप जड झाले असते. असा बोजा नोंदणीकृत दस्तातच हवा, म्हणजे गाळा पुढे विकला गेला तर नवा खरेदीदार "मला माहीत नव्हते" म्हणू शकणार नाही. मुदतीतही फरक पडतो: साध्या कराराच्या थकबाकीला तीन वर्षे, स्थावरावरच्या बोजाच्या वसुलीला बारा.

विक्रीला 'कौटुंबिक करार' असे नाव देणे

कुटुंबातली वाटणी, तडजोड किंवा लग्नाची व्यवस्था यांतून ज्याची सोय केली, त्याला पक्षकार नसतानाही दाद मागता येते. मद्रासच्या शुप्पू अम्मल खटल्यात दोन भावांनी वाटणी करताना आईच्या चरितार्थासाठी सारखी रक्कम गुंतवायचे ठरवले होते. आईला ती गुंतवणूक करून घेण्याचा हक्क मिळाला. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 चे कलम 15(क) लग्नाच्या व्यवस्थेतल्या आणि कुटुंबातल्या वादग्रस्त हक्कांच्या तडजोडीतल्या लाभार्थ्याला करार बजावून घेण्याची मुभा देते.

पण मथळ्यावर 'कौटुंबिक' लिहून हे साधत नाही. आपला दस्त शुद्ध विक्रीचा आहे. आत्याचा गाळ्यावर काही दावा होता, तिने तो सोडला आणि बदल्यात हप्ते ठरले, असे खरोखर घडले असेल आणि दस्तात दिसत असेल तरच या वाटेने जावे. शिवाय लाभ देण्याचा हेतूही दिसावा लागतो. एम. सी. चाको वि. स्टेट बँक ऑफ त्रावणकोर (1969) मध्ये कौटुंबिक दस्तात बँकेच्या देण्याचा उल्लेख होता. सर्वोच्च न्यायालयाने ट्रस्ट आणि कौटुंबिक व्यवस्थेचे अपवाद मान्य केले, पण बँकेला लाभ दिला नाही. देण्याचा भार कोणी सोसायचा, एवढेच त्या कलमाने कुटुंबीयांत ठरवले होते.

आलेले सात हप्ते नुसते खर्चून टाकणे

थोरल्याने नंतर आत्याला थेट कबुली दिली असेल, तर तिच्या हातात नवा धागा येतो. "आत्या, तुझे 43 हप्ते माझ्याकडे आहेत, दिवाळीनंतर देतो" असा तिला आलेला संदेश मौल्यवान आहे. बँकेतून आलेले सात हप्ते त्याला पुष्टी देतात. पण नुसते हप्ते पुरत नाहीत, कारण थोरला म्हणेल की भावाच्या सांगण्यावरून दिले. कबुली आत्याला उद्देशून हवी. संदेश पुसू नयेत, बँकेचा उतारा आजच काढावा. प्रत्येक हप्त्याची मुदत त्याच्या देय तारखेपासून वेगळी धावते, त्यामुळे 'सगळे एकदम थकू दे, मग बघू' म्हणणाऱ्याचे सुरुवातीचे हप्ते बुडतात.

ज्याच्या हातात किल्ली आहे त्यालाच बाहेर ठेवणे

आत्या थोरल्याशी भांडत बसते आणि धाकट्याला कोणी विचारत नाही. खरे तर वचन त्याला दिलेले आहे. थोरल्याने आत्याला पैसे द्यावेत असा आदेश तो स्वतः मागू शकतो.

त्याला कोर्टाची पायरी चढायची नसेल, तर त्याने थोरल्याकडची थकीत रक्कम आत्याच्या नावे लेखी हस्तांतरित करावी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 130 नुसार सहीचा लेख पुरतो आणि मग आत्या स्वतःच्या नावाने दावा करू शकते. त्या लेखात "खरेदीच्या किमतीपैकी थकलेले 4,30,000 रुपये" असे लिहावे. "नुकसानभरपाई मागण्याचा हक्क" असे लिहू नये, कारण नुसता दावा करण्याचा हक्क कलम 6(ई) नुसार हस्तांतरित होत नाही. हस्तांतराची लेखी नोटीस थोरल्याला त्याच आठवड्यात स्पीड पोस्टाने जायला हवी. नोटीस मिळण्याआधी त्याने धाकट्याला पैसे देऊन टाकले, तर आत्याला ते थोरल्याकडून परत मागता येणार नाहीत.

दावा दाखल करताना धाकट्याला सहवादी करावे, तो तयार नसेल तर प्रतिवादी. हस्तांतर, थेट कबुली आणि बोजा (दस्तात असेल तर) हे मुद्दे पर्यायी म्हणून एकाच दाव्यात मांडावेत. एक ढासळला तर दुसऱ्याचा आधार राहतो आणि मुदत संपल्यावर नव्याने दावा लावायची वेळ येत नाही.