भाजल्यावर कोरडा गॉज थेट लावू नका
कुकरच्या वाफेने मनगट भाजलं की बांगड्या, घड्याळ लगेच काढा आणि हात 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. पट्टीची वेळ त्यानंतरची, आणि चूक तिथेच होते. कोरडा गॉज किंवा कापूस जखमेच्या ओलाव्यात चिकटून वाळतो. काढताना नवी कातडी सोबत निघते. आईची अशी पट्टी मी कोमट पाण्याने भिजवत भिजवत सोडवली होती. तेव्हापासून प्रथमोपचाराच्या डब्यात पॅराफिन गॉज असतोच. आधी ही तेलकट जाळी, तिच्यावर साधा गॉज, वरून सैलसर रोलर बँडेज. फोड फोडू नका, त्यावर चिकटपट्टीचा चिकट भाग येऊ देऊ नका. जागा तळहाताहून मोठी, पांढरट किंवा बधिर असेल, तर लगेच डॉक्टरकडे जा.