शेजाऱ्याचे आवाजाबद्दलचे मेसेज वाचताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेसेजचा सूर बघणे आणि मजकूर सोडून देणे. एका वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला खालच्या घरातून क्रमाने असे मेसेज आले असं धरा.

"रात्री अकरानंतर खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. पायांना रबर लावाल का?"
"किती वेळा सांगायचं? डोकं उठलंय. आजही झोप नाही."
"आता मी घरमालकांकडे तक्रार करणार."
"तुमची मुलगी सहाला क्लासवरून एकटीच येते ना? जिन्यात अंधार असतो. सांभाळा."

दुसरा मेसेज वाचून बहुतेक जण बिथरतात. पण तो फक्त चिडलेला आहे. मागणी तीच आहे, ती पूर्ण करता येते आणि ती पूर्ण केली की विषय संपतो. तिसऱ्यात परिणामाची भाषा आहे, तरी तक्रार करणं हा त्यांचा हक्क आहे. या दोन्हींना धमकी ठरवू नका. रबर लावा आणि लावल्याचं कळवा.

चौथा मेसेज सगळ्यात सभ्य आहे आणि खरी भीती त्यातच आहे. त्यात आवाजाचा उल्लेखच नाही. तुम्ही काय केलं म्हणजे हे थांबेल, तेही नाही. उलट मुलगी कधी आणि कशी येते हे आपल्याला माहीत आहे, एवढंच कळवलं आहे. खुर्चीवरचं बोलणं माणसावर आलं की विनंती मागे पडते. असा मेसेज कधीकधी खऱ्या काळजीनेही येऊ शकतो, म्हणून तो एकटा वाचू नका. आधीच्या तिन्हींसोबत, तारीख-वेळ बघत वाचा. भांडणाच्या मधोमध, रात्री एक वाजता आलेली काळजी वेगळीच असते.

दुसरी चूक उत्तर देताना होते. "माझ्या मुलीचं नाव काढलंत तर बघा" असं लिहिलंत की धमकीचा पुरावा तुमच्याच नावावर जमा होतो. सतत माफी मागत राहणंही नको, कारण घाबरवल्याने काम होतं हे समोरच्याला त्यातून कळतं. एकदाच, थंड डोक्याने लिहा: "खुर्च्यांना रबर लावलं आहे. आवाजाबद्दल काही असेल तर जरूर कळवा. माझ्या मुलीबद्दल मेसेज करू नका." त्यानंतर वाद घालू नका.

रागाच्या भरात चॅट डिलीट करणं तर फार महागात पडतं. नंबर, तारीख आणि आधीची विनंती दिसेल असे सलग स्क्रीनशॉट घ्या, तुमची उत्तरंही त्यात ठेवा आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवा. गायब होणारे मेसेज चालू असतील तर हे लगेच करा. ब्लॉक करायचं असेल तर त्यानंतर.

स्पष्ट नकार दिल्यावरही मुलांचा, येण्याजाण्याच्या वेळांचा किंवा दाराशी येण्याचा विषय पुन्हा निघाला, तर समजूत घालायला एकट्याने खाली जाऊ नका. सगळी चॅट घेऊन पोलिसांकडे जा. इजा करण्याची उघड धमकी असेल, तर विषय पुन्हा निघण्याची वाटही बघू नका.