ओव्हिट्रॅपचा आकडा घसरला, म्हणून माणसं हलवू नका: एडिस पाहणीतल्या या चुका टाळा

दर पावसाळ्यात हीच चूक पाहतो. जूनमध्ये बहुतेक ओव्हिट्रॅपमध्ये, म्हणजे मादीने अंडी घालावीत म्हणून पाणी भरून ठेवलेल्या काळ्या डब्यांच्या सापळ्यांत, अंडी मिळतात, जुलैत आकडा निम्म्यावर येतो आणि कोणीतरी म्हणतं, "डास कमी झाले." डास तेवढेच असू शकतात. पाऊस पडला की मादीला अंडी घालायला गच्चीवर, अंगणात ढीगभर जागा मिळतात, मग ती आपल्या काळ्या डब्याकडे कशाला येईल? डेंग्यू पसरवणारा एडिस डास इथे आहे का आणि कधी आला, एवढंच सापळा सांगतो. डास निपजतो कुठे, हे कळायला कोषच मोजावे लागतात, म्हणजे अळी आणि डास यांच्यामधली अवस्था.

पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत आम्ही हे महागात शिकलो. सापळ्यांचा आकडा उतरला आणि फवारणीची माणसं दुसरीकडे गेली. पंधरा दिवसांत तापाचे रुग्ण वाढले. मग १२० घरं तपासली. माणसं ५४०. अळ्या ६३ भांड्यांत सापडल्या: ३८ कुंड्यांखालच्या ताटल्या, १८ ड्रम आणि ७ कूलर. नुसत्या अळ्या पाहिल्या असत्या तर सगळा जोर ताटल्यांवर गेला असता. एडिसचे कोष मात्र ताटल्यांत १४, ड्रममध्ये ४० आणि कूलरमध्ये १६२ निघाले. एकूण २१६, म्हणजे माणशी ०.४. त्यातले तीन चतुर्थांश उन्हाळा संपल्यावर गच्चीवर तसेच सोडलेल्या सात कूलरमधून.

कोषच का, असं नवीन मुलं विचारतात. अळ्या पुष्कळ मरतात. कोष झाला की साधारण दोन दिवसांत डास उडतो, म्हणून तो मोजणं डासाच्या जवळ जाणारं आहे. कोष काही खात नाही, त्यामुळे पाण्यात टेमिफॉस हे अळीनाशक टाकून तो मरत नाही. कोष दिसले की पाणी ओताच. कूलरची टाकी आतून ब्रशने घासायची, कारण भिंतीला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात. आम्ही सातही कूलर असे साफ करून उलटे घातले, ड्रमना घट्ट कापड बांधलं आणि ताटल्यांचं काम आशाताईंबरोबर कोरड्या दिवसावर, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करण्यावर, सोपवलं.

मोजताना घाई नको. ड्रममध्ये एकदा जाळी फिरवून आकडा लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कोष सावली पडताच तळाशी जातात. मी मिनिटभर थांबतो, जाळी पुन्हापुन्हा फिरवतो. कूलरच्या पाण्यात क्युलेक्स या दुसऱ्या डासाचे कोषही निघतात, म्हणून कोष बाटलीत ठेवून डास बाहेर आल्यावरच एडिस मोजतो.

सापळा सात दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर त्यातूनच डास उडतील. उन्हात ठेवू नका. माणशी ०.४ हा आकडा दुसऱ्या वस्तीला धोक्याची रेषा म्हणून लावू नका, ती रेषा तापमानावर आणि लोकांच्या प्रतिकारशक्तीवर बदलते. कोणतं भांडं आधी रिकामं करायचं, एवढंच त्याला विचारा.